डॉलरचं काम आणि पहिली तारीख

"पहिल्या तारखेपर्यंत थांबता येईल का?" असं माझी नात डॉक्टरीणबाईंना विचारत होती. नीट दिसत नव्हतं तिला. डॉक्टरीण एकच होती, पण नात एकदा तिच्याकडे आणि एकदा तिच्या शेजारच्या भिंतीकडे बघून बोलत होती. सातवा महिना नुकताच लागलेला. पाय सुजून भोपळे झालेले, रक्तदाब इतका वर गेलेला की नर्सने यंत्र बिघडलंय समजून दुसरं आणलं, आणि त्या दुसऱ्यानेही तेच सांगितलं.

"पहली को क्या है?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"इन्शुरन्स. पहली से शुरू होगा."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या नातजावयाकडे. तो बिचारा दाराजवळ तिच्या चपला हातात धरून उभा होता. "मुझे भी दो दिन चाहिए," त्या म्हणाल्या. "बच्चे के फेफड़ों का इंजेक्शन दिया है, उसे असर करने का टाइम चाहिए. पर इनका शरीर दो दिन देगा, ऐसा लगता नहीं. प्लेटलेट गिर रहे हैं. झटका आया तो दोनों जाएँगे."

नात म्हणाली, "सिर्फ़ पाँच दिन की बात है."

मी तिला मराठीत म्हटलं, "गप पड."

"आजी, आप नहीं समझोगी."

मला समजत होतं. गेल्या आठ महिन्यांत तिच्या त्या कामाबद्दल घरात इतकं बोलणं झालं होतं की न समजायला मी बहिरी असायला हवी होते.

तिचे आईबाप, म्हणजे माझा मुलगा आणि सून, तिकडे नागपूरला. मुलगा रेल्वेत इंजिनीयर. माझे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, शेवटची पोस्टिंग लखनौची होती म्हणून इथेच जानकीपुरममध्ये जागा घेतली, घर बांधलं आणि साताऱ्याला परत जायचं नाव काढलं नाही. ते गेल्यावर मी एकटी. नात नोएडाच्या एका कंपनीत होती, पण घरून काम करायची. लग्न इथल्याच मुलाशी केलं, म्हणून दोघं माझ्याकडेच राहायला आली. मुलगा चांगला आहे. चिनहटच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मराठी त्याला कळत नाही आणि मी त्याला शिकवायला गेले नाही; त्याच्याशी काय, बाहेर सगळ्यांशीच मी माझ्या हिंदीत बोलते, इथे ते मराठीत सांगते आहे. त्याच्या कारखान्यात सरकारी विम्याची सोय होती, पण पगार थोडा वाढला आणि ठरलेली मर्यादा ओलांडली म्हणून तो त्यातून बाहेर पडला. पगार वाढल्याचे पेढे आम्ही खाल्ले होते. विमा गेल्याचं त्याने नंतर कधीतरी सांगितलं, तेही जेवताना, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा नोएडाच्या कंपनीने सांगितलं की आता सगळ्यांनी ऑफिसात येऊन बसायचं. नातीला जायचं नव्हतं. तिचं काम म्हणजे लोक मोबाइलवर जी ॲप वापरतात ती बाजारात यायच्या आधी सगळ्या बाजूंनी वापरून बघायची आणि कुठे अडतं ते लिहून द्यायचं. ते कुठूनही होतं. तिने शोधाशोध केली आणि दोन कामं समोर आली.

पहिलं अमेरिकेतल्या एका कंपनीचं. तासावर पैसे, डॉलरमध्ये. ती त्यांची नोकर नाही, स्वतंत्र कंत्राटदार. महिना संपला की तिने बिल पाठवायचं आणि बिल मिळाल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत त्यांनी पैसे पाठवायचे. सुट्टी घेतली तर त्या तासांचे पैसे नाहीत. विमा नाही, पीएफ नाही, काहीच नाही.

दुसरं काम जर्मनीतल्या एका कंपनीचं, पण मध्ये आपल्याकडचीच एक कंपनी. ही मधली कंपनी नातीला आपल्या पगारावर ठेवणार, रुपयात पगार देणार, टॅक्स कापून घेणार, पीएफ भरणार, विमा देणार, रजा देणार, आणि जर्मनीकडून स्वतःचं कमिशन वेगळं घेणार. हातात येणारी रक्कम मात्र पहिल्या कामापेक्षा बरीच कमी.

"डॉलर लेना चाहिए," नातजावई म्हणाला. "रुपया तो गिरता ही रहता है. डॉलर चढ़ेगा तो पगार अपने आप बढ़ेगी."

"आणि डॉलर उतरला तर?" मी विचारलं.

"उतरता नहीं है, दादी जी."

"कधीच नाही?"

तो हसला. नात म्हणाली, "आजी, पिछले कितने सालों का ग्राफ देखो, सीधा ऊपर."

मी ग्राफ बघितला. खरोखर वरच जात होता.

तरी तिने सीएला विचारायचं ठरवलं, ते शहाणपण तिचंच. अलीगंजमध्ये एका कपड्याच्या दुकानाच्या वर एक सीए बाई बसतात. नातीने मला बरोबर नेलं, कारण मला त्याच बाजारातून चष्मा आणायचा होता. खोलीत फायली इतक्या की बसायला जागा करताना एक गठ्ठा बाईंनी माझ्या मांडीवर दिला आणि तो तिथेच राहिला.

बाईंनी डॉलरचा आकडा ऐकला आणि म्हणाल्या, "ये जो अकाउंट में आएगा, ये सब आपका नहीं है. पहले ये समझ लो."

मग त्यांनी सांगितलं. परदेशातला ग्राहक इथला टॅक्स कापत नाही, त्यामुळे पैसे पूर्ण आल्यासारखे वाटतात आणि माणूस खर्च करून बसतो. टॅक्स आपणच भरायचा आणि मार्चच्या मध्यापर्यंत आगाऊ भरायचा, नाहीतर व्याज लागतं. हिच्या धंद्याला एक सोपी पद्धत चालते, एकूण मिळकतीपैकी निम्मी नफा धरायची आणि तेवढ्यावरच टॅक्स, हिशोबाची भानगड कमी. अमेरिकेने तिकडचा टॅक्स कापू नये म्हणून एक फॉर्म द्यायचा, की मी भारतीय आहे आणि भारतात बसूनच काम करते. वर्षाची मिळकत ठरावीक रकमेच्या वर गेली तर जीएसटीची नोंदणी करायची. परदेशी काम म्हणजे निर्यात, त्यावर कर शून्य, पण ते शून्य मिळवण्यासाठी दर वर्षी एक हमीपत्र भरावं लागतं. ते भरायचं राहिलं तर आधी कर भरा आणि मग परत मागत बसा.

"शून्य भरायला पण कागद लागतो?" मी विचारलं.

"सबसे ज़्यादा उसी के लिए लगता है, माताजी."

मग बाईंनी बेरीज-वजाबाकी मांडली. डॉलरचा आकडा घेतला. त्यातून बँक डॉलरचे रुपये करताना जो कमी भाव देते तो काढला, मधल्या बँका वाटेत जे कापतात ते काढलं. आजारपणाचे आणि सणाचे दिवस काढले, कारण त्या दिवसांचे पैसे नाहीत. स्वतःचा विमा स्वतः घ्यायचा तर त्याचा हप्ता काढला. कंपनी जेवढा पीएफ भरते तेवढा स्वतः बाजूला टाकायचा तर तोही काढला. काम एका आठवड्याच्या नोटिशीवर बंद होऊ शकतं, मध्ये रिकामे महिने जातील, ते धरले. उरलं ते रुपयाच्या पगाराशेजारी ठेवलं. एवढं कापूनही डॉलर थोडा वर राहिला.

"थोड़ा ही सही, ऊपर है," नात म्हणाली.

"सब ठीक रहा तो," बाई म्हणाल्या. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "शादी हुई है न? बच्चे का क्या सोचा है? खुद की पॉलिसी में डिलिवरी कवर होने में दो-तीन साल निकल जाते हैं. कंपनी की ग्रुप पॉलिसी में पहले दिन से होता है."

नातीने माझ्याकडे बघितलं. आजी शेजारी मांडीवर फायली घेऊन बसलेली, तिच्यासमोर काय सांगणार. "अभी तीन-चार साल तो नहीं," म्हणाली आणि पाण्याचा पेला उचलला.

"और पुरानी कंपनी वाली पॉलिसी? छोड़ने से पहले अपने नाम पर करवा सकती हो. टाइम रहते अर्ज़ी देनी पड़ती है."

"देखती हूँ. वैसे हमारी फैमिली में सबका है."

हे ती खोटं बोलत नव्हती. आमच्या घरात विमा नावाची वस्तू कुणी विकत घेतलेली नाही. मला ताप आला तर यजमान घेऊन जायचे ते छावणीतल्या फौजी रुग्णालयात. आता ते नाहीत तरी माझं कार्ड आहे. मुलगा, सून आणि लहानपणी ही नात, सगळे रेल्वेच्या रुग्णालयात. आमच्यासाठी दवाखाना म्हणजे कार्ड दाखवायचं आणि बाकावर बसायचं. खिडकीवर पैसे देतात हे आम्ही शेजाऱ्यांकडून ऐकायचो. नात लग्न करून रेल्वेच्या कार्डातून बाहेर पडली, फौजेच्या कार्डात ती कधी नव्हतीच, कारण तिथे नातवंडं धरत नाहीत. नवऱ्याचा विमा पगारवाढीत गेला. हे तिन्ही आम्हाला वेगवेगळं माहीत होतं. एकत्र करून कुणी बघितलं नव्हतं.

तिने डॉलर घेतला. जुन्या पॉलिसीचा अर्ज करायचा राहून गेला.

पहिल्या महिन्यांत घरात आनंद होता. बिल पाठवलं की पंचेचाळीस दिवस वाट बघायची. पहिल्या पगाराला एवढा उशीर लागला की नातजावई रोज विचारायचा, "आया?" आणि ती म्हणायची, "डॉलर पैदल आ रहा है." आला तेव्हा ठरल्यापेक्षा थोडा कमी होता, वाटेतल्या बँकेने कापलेला. सीए बाईंच्या सांगण्यावरून तिने टॅक्सचा वाटा लगेच दुसऱ्या खात्यात टाकला. शिस्तीची आहे, आजोबांवर गेली आहे.

मग तीन-चार वर्षं नाही म्हणणाऱ्या मुलीला दिवस गेले.

मला तिने स्वयंपाकघरात सांगितलं, डाळ घोटताना. मी विचारलं, "आता त्या कामाचं काय?"

"काम तो चलेगा. घर से ही तो है."

"आणि बाळंतपणात?"

"तब का तब देखेंगे."

तेव्हाच मी म्हटलं की ती सीए बाई काय म्हणाली होती आठव. तिला आठवत होतं. तिने स्वतःचा विमा शोधायला घेतला. प्रत्येक ठिकाणी तेच, गरोदर असाल तर हे बाळंतपण धरणार नाही, पुढचं धरू, तेही काही वर्षांनी.

तिकडे अमेरिकेच्या कंपनीने पत्र पाठवलं की आता पैसे पंचेचाळीसऐवजी साठ दिवसांत मिळतील. कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली होती, हिशोबाचं ऑफिस बदललं होतं. नात कंत्राट उघडून बसली. लिहिलेलं होतं की कळवून बदल करता येतो. त्यांनी कळवलं होतं.

तपासणीला जायचं तर तेवढे तास बुडाले. म्हणून ती तपासणीच टाळायला लागली. डोकं दुखायचं, ती म्हणायची स्क्रीनमुळे. पाय सुजायचे, ती म्हणायची खुर्चीमुळे. मी म्हणायचे उठ, जरा गच्चीवर चाल. ती म्हणायची, "आजी, मीटर चालू है." त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे सगळे दवाखाने बंद व्हायच्या वेळेला हिचं काम रंगात यायचं. मी घरात नुसती फिरत राहायचे. एकदा तिच्या दारात, एकदा गॅसपाशी, पुन्हा तिच्या दारात. बसवत नव्हतं.

पाचवा संपताना त्या मधल्या कंपनीच्या बाईचा फोन आला. जर्मनीचं काम पुन्हा रिकामं झालं होतं. नात फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "बताऊँ?"

"काय?"

"कि प्रेग्नंट हूँ."

"पोट काय कपाटात ठेवून जाणार आहेस का? सांग."

तिने सांगितलं. ती बाई भली निघाली. म्हणाली, हरकत नाही, आमच्या विम्यात बाळंतपण पहिल्या दिवसापासून आहे. फक्त भरपगारी बाळंतपणाच्या रजेसाठी कायद्याने ऐंशी दिवस काम झालेलं लागतं, तेव्हा जितक्या लवकर रुजू व्हाल तितकं बरं. कागदपत्रांची तपासणी होऊन सगळ्यात जवळची पहिली तारीख त्यांनी नक्की केली. बाळंतपण वेळेवर झालं असतं तर तोवर ऐंशी दिवस जेमतेम भरत होते.

त्या संध्याकाळी तिने बेरीज पुन्हा मांडली. या वेळेला सीए बाई लागली नाही. डॉलर त्या पगाराच्या कितीतरी खाली गेला होता. रक्कम तीच, फक्त आता विम्याच्या ओळीत बाळंतपणाचा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून होता.

"मग उद्याच सोड ते," मी म्हटलं. "यांना सांग लवकर घ्या."

"दोन बिलं अडकली आहेत," हे वाक्य तिने मराठीत म्हटलं, म्हणजे ती खरंच काळजीत होती. कंत्राटात एक महिन्याची नोटीस होती. ती एका आठवड्याच्या नोटिशीवर सोडू शकते असा समज आमचा, तर एक आठवडा त्यांच्या बाजूने होता, हिच्या बाजूने महिना. मध्येच सोडलं तर शेवटच्या बिलांना ते काम स्वीकारलंच नाही म्हणू शकत होते. परदेशातल्या कंपनीशी भांडायला कुठल्या कोर्टात जाणार? कंत्राटात तिकडच्याच एका राज्याचं नाव होतं. म्हणून ती नोटिशीचा महिना पूर्ण करत राहिली, दोन्ही बिलं हातात यावीत म्हणून. आणि डोकं दुखत राहिलं.

त्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली आणि म्हणाली की स्क्रीनवर ठिपके नाचताहेत. स्क्रीन बंद होती.

नातजावयाला फोन केला, तो चिनहटहून येईपर्यंत मी तिला आडवी ठेवली. तो आला आणि गाडीत बसताना विचारलं, "कहाँ?"

मी म्हटलं, "छावणी."

माझ्या तोंडून दुसरं काही निघालं नाही. तिनेही नाही म्हटलं नाही, त्यानेही नाही. आमच्या घरात आजारी माणूस छावणीत जातो. जानकीपुरमहून अलीगंजवरून, पूल ओलांडून, सगळं शहर पार करून आम्ही गेलो. अलीगंजमध्ये एका मोठ्या खाजगी रुग्णालयासमोर सिग्नलला थांबलोसुद्धा.

फौजी रुग्णालयात माझं कार्ड बघून त्यांनी खुर्ची दिली मला. मग कळलं की आजारी मी नाही. तरी तिथल्या डॉक्टरने हिला तपासलं, रक्तदाबाचं औषध दिलं, झटका, म्हणजे आकडी येऊ नये म्हणून इंजेक्शन दिलं, बाळाच्या फुप्फुसांचं दिलं. मग म्हणाला, "माताजी, इनका यहाँ हक़ नहीं बनता, वो बात मैं छोड़ भी दूँ. इतने छोटे बच्चे की मशीन इस वक़्त खाली नहीं है. देर मत कीजिए." सरकारी मोठ्या रुग्णालयात फोन लावून दिला, तिथेही बाळाला ठेवायची काचेची पेटी रिकामी नव्हती. मग आणखी एका ठिकाणी लावला आणि जागा मिळाली. ते अलीगंजचंच रुग्णालय, ज्याच्यासमोर आम्ही सिग्नलला थांबलो होतो. त्याच रस्त्याने परत आलो.

तिथे खाली खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "कैशलेस या कैश?"

नातजावई म्हणाला, "पहली से कैशलेस." तो माणूस हसला नाही, वाईट नव्हता. म्हणाला, "आज का बताइए."

आणि वर नात डॉक्टरीणबाईंशी तारखेची घासाघीस करत होती. मी गप पड म्हटल्यावर ती मलाच समजावायला लागली. पहिल्या तारखेच्या आधी भरती झालं तर पॉलिसी ते धरणार नाही. बाळ पेटीत राहील तर त्याचंही नाही. रुजूच झाले नाही तर रजा नाही. ऐंशी दिवस तर गेलेच. एकेक बोट दुमडत होती. बोटं इतकी सुजलेली की दुमडत नव्हती.

मी म्हटलं, "पैसे किती लागतील ते विचारायचं काम तुझं नाही. तू आता कुणाची कंत्राटदार नाहीस. सही कर."

"आजी, सुनो तो—"

"सही कर, नाहीतर मी अंगठा धरून उठवते."

तिने सही केली. वेडीवाकडी आली. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आप बाहर बैठिए." मी बसले नाही.

खिडकीवर अनामत भरायची होती. नातजावयाला रुग्णालय सोडता येत नव्हतं, पदोपदी त्याच्या सह्या लागत होत्या. तेवढ्यात नातीच्या फोनवर बँकेचा निरोप आला की परदेशातून रक्कम आली आहे, माहिती द्यावी. अडकलेल्या दोन बिलांपैकी एकाचे पैसे. तो फोन घेऊन मी निघाले. बँक अलीगंजच्याच बाजारात, रिक्षाने गेले.

काउंटरवरच्या मुलीने बघितलं आणि म्हणाली, "आ गया है माताजी, पर क्रेडिट नहीं हुआ. भेजने वाले का नाम बिल वाला नाम नहीं है."

विकत घेणाऱ्या नव्या कंपनीने पैसे स्वतःच्या नावाने पाठवले होते. बँकेला हवं होतं की हे पैसे कशाचे ते खातेदाराने लिहून द्यावं, सोबत बिल, आणि अमेरिकेच्या कंपनीचं पत्र की आमच्या वतीने ही दुसरी कंपनी देत आहे. तोवर डॉलर बँकेत, पण नातीच्या खात्यात नाही.

"ती ऑपरेशनला गेली आहे," मी सांगितलं.

मुलीने वर बघितलं. "फिर वो होश में आएँ तब. साइन मैच होना चाहिए." मग हळूच म्हणाली, "नियम है, माताजी. पैसा वापस नहीं जाएगा, मैं नोट लगा देती हूँ."

तिच्यावर काय ओरडायचं? अमेरिकेत तेव्हा पहाट होती, पत्र देणारं माणूस झोपेत. मी तिथून बाहेर पडले आणि समोरच्या बाजूला असलेल्या माझ्या पेन्शनच्या बँकेत गेले. यजमानांच्या पैशांची ठेव होती, ती मोडली. मॅनेजर म्हणाला, "मुदत पूरी होने में थोड़ा ही बाकी है, ब्याज कटेगा."

"कापा," मी म्हटलं.

रुग्णालयात पोहोचले तेव्हा नातजावई जिन्यात उभा होता, चपला अजून त्याच्याच हातात. मुलगी झाली होती. किलोला थोडी कमी. रडली नव्हती, तिला उचलून थेट काचेच्या पेटीत नेलं होतं. नात अजून आत होती, रक्त थांबत नव्हतं, रक्ताच्या पिशव्या मागवल्या होत्या. मी अनामत भरली, पावती घेतली, वर आले, खाली गेले, पुन्हा वर आले. त्या जिन्याच्या पायऱ्या मी कितीदा चढले मला सांगता येणार नाही. गुडघे दुखतात माझे, त्या दिवशी दुखले नाहीत.

तो म्हणाला, "दादी जी, बैठ जाइए."

"बसून काय करू?"

"मैंने ही कहा था डॉलर लेने को."

"सगळ्यांनीच म्हटलं होतं. रक्तगट तुझा काय आहे?"

त्याचा जुळत नव्हता, पण रक्तपेढीला बदली म्हणून रक्त देता येत होतं. तो द्यायला गेला. त्याला काम मिळालं ते बरं झालं.

नंतरच्या दिवसांचं सांगण्यासारखं फार नाही. नात आठवडाभर मशिनींच्या मध्ये पडून होती. पहिली तारीख त्यातच आली आणि गेली. मधल्या कंपनीच्या बाईला नातजावयाने फोन केला. ती म्हणाली, जागा ठेवते, बऱ्या झाल्या की पुढच्या कुठल्याही पहिल्या तारखेला या, बाळाचं नावही विम्यात घालू. पण हे चाललेलं भरती होणं त्यात येणार नाही, भरपगारी रजाही नाही. कायद्यानेच नाही. तिने हे स्पष्ट सांगितलं आणि मला तेच आवडलं.

मुलगा आणि सून नागपूरहून आले. मुलाने स्वतःच्या पीएफमधून पैसे काढले. डॉलर दोन आठवड्यांनी खात्यात आले, नातीने पलंगावर बसून सही केली तेव्हा, तीही बँकेने दोनदा करून घेतली. दुसरं बिल साठ दिवस पूर्ण झाल्यावर आलं. एक पैसाही बुडाला नाही. कंपनी वाईट नव्हती, हे मी सांगते, नाहीतर लोकांना वाटेल फसवणूक झाली. सगळं जसं लिहिलं होतं तसंच झालं.

मुलीच्या पेटीला हात घालायला दोन भोकं असतात. त्यातून नात बोट घालायची आणि बसायची. एक दिवस मला म्हणाली, "अमेरिकावालों ने पूछा है, रेट बढ़ा के देंगे. नोटिस वापस लूँ क्या?"

मी तिच्याकडे बघत राहिले.

"जवाब दे दिया है," ती म्हणाली. "मना कर दिया. बस आपकी शकल देखनी थी."

"बघितलीस? आता दूध काढ, नर्स थांबली आहे."

पोरीला घरी आणायला जवळजवळ दोन महिने लागले. मग त्यानंतरच्या पहिल्या तारखेला नात जर्मनीच्या कामावर रुजू झाली, रुपयाच्या पगारावर, आणि विम्याच्या कागदावर तिघांची नावं आली. सीए बाईंनी डॉलरच्या महिन्यांचा टॅक्स भरून दिला. फी घेतली पूर्ण.

मुलगी आता अंगावर धरली की मान धरते. एका कानाने कमी ऐकू येतं असं डॉक्टर म्हणतात, तपासणी चालू आहे. नातीचा रक्तदाब अजून वर आहे, गोळी रोज लागते.

त्या दिवशी रुग्णालयाच्या त्या मजल्यावर अशाच अडलेल्या पाच बायका आल्या होत्या. बाकीच्यांचं मला माहीत नाही. आमच्यातली आई जगली आणि मुलगी जगली.